भाड्याने दिलेले खाते आणि कलम ३५ ची नोटीस

माझा भाचा लातूरला वसतिगृहात राहून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होता आणि पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याच्या बचत खात्यावर एका शनिवारी दुपारपर्यंत साडेअठरा लाख रुपये जमा झाले आणि संध्याकाळ होण्याआधी त्यातील जवळजवळ सगळे बाहेरही गेले. ही रक्कम त्याची नव्हती, ती आली आणि गेली तेव्हा खाते त्याच्या ताब्यात नव्हते, आणि तरीही शेजारच्या राज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याच्या गुन्ह्यात आज तो आरोपी आहे. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे, त्यामुळे ताईने आणि दाजींनी पहिल्या दिवसापासून कागदपत्रे माझ्याकडे सोपवली. बँक, वकील, पोलीस ठाणे आणि न्यायालय या सगळ्या ठिकाणी मी त्याच्याबरोबर होते, आणि जे पाहिले ते येथे क्रमाने लिहीत आहे.

खाते भाड्याने देण्याचा व्यवहार वसतिगृहात अगदी उघडपणे चालत होता. एका वरच्या वर्गातील मुलाने भाच्याला सांगितले की ऑनलाइन गेमिंगच्या एका कंपनीचा ‘फंड’ फिरवायला खाती लागतात, एका खात्याची मर्यादा संपली की दुसरे लागते, आणि खात्यातून जेवढी रक्कम जाईल तिच्यावर एक टक्का कमिशन मिळते. खाते सुरू करून देण्याचे ८ हजार रुपये आधी मिळणार होते. मोबदल्यात द्यायची होती ती ‘किट’, म्हणजे पासबुक, पिनसह एटीएम कार्ड, सह्या केलेले चेकबुक, नेट बँकिंगचा युझर आयडी आणि पासवर्ड, आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड. सिमसाठी भाच्याने आपल्याच आधारवर नवा क्रमांक घेतला, शाखेत जाऊन मोबाईल क्रमांक बदलण्याचा अर्ज भरला, त्यावर सही केली, आणि दोन दिवसांनी ते सिम त्या मुलाच्या हातात दिले. खात्यात त्या वेळी सहाशे बारा रुपये होते. ‘शिल्लकच नाही, तर जाईल काय,’ असा विचार त्याने केला आणि त्याच्या मजल्यावरच्या आणखी काही मुलांनीही तोच केला. या व्यवहारात खात्यातील शिल्लक कोणालाच नको असते. केवायसी झालेले, ज्याच्यावर आजवर तक्रार नाही असे नाव त्यांना हवे असते, आणि ते नाव त्याने ८ हजारांत दिले.

खात्याचा उतारा हातात आल्यावर मी तो ओळीओळीने वाचला, आणि वकिलांना व पोलिसांना जे दिसणार होते ते मला तेव्हाच दिसू लागले. गुरुवारी रात्री खात्यात तीन नवे लाभार्थी जोडले गेले होते. नव्याने जोडलेल्या लाभार्थ्याला पहिल्या काही तासांत मोठी रक्कम पाठवता येत नाही, हे ज्यांना माहीत आहे अशीच माणसे दोन दिवस आधी ही तयारी करून ठेवतात. शनिवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी एक रुपया जमा झाला. खाते चालू आहे की नाही हे तपासण्यासाठी तो टाकलेला असतो. त्यानंतर पावणेबारा ते दोनच्या दरम्यान तीन मोठ्या रकमा आल्या : आरटीजीएसने साडेनऊ लाख, पुन्हा आरटीजीएसने ७ लाख २० हजार, आणि शेवटी १ लाख ८० हजार. आरटीजीएस २०२० च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, त्यामुळे शनिवार असल्याने काहीही अडले नाही. बाहेर जाणाऱ्या रकमा मात्र आयएमपीएसने गेल्या होत्या आणि त्यांतील प्रत्येक रक्कम ५ लाखांच्या आत होती, कारण आयएमपीएसची मर्यादा तेवढीच आहे. साडेनऊ लाख आले आणि काही मिनिटांतच ४ लाख ९० हजार व ४ लाख ६० हजार अशा दोन तुकड्यांत निघून गेले. पुढच्या ७ लाख २० हजारांचेही तसेच झाले. शेवटच्या रकमेतून १ लाख १० हजार पुढे गेले आणि ४० हजार रुपये राजस्थानातील एका एटीएममधून रोख काढले गेले. त्यानंतर त्या दिवसाची नेट बँकिंगची आणि एटीएमची मर्यादा संपली असावी, कारण उरलेले तीस हजारांच्या आसपासचे पैसे खात्यातच राहिले. पहिली मोठी रक्कम आली त्या वेळी भाचा खानावळीत जेवत होता.

पीडित व्यक्तीने रविवारी सकाळी १९३० या क्रमांकावर तक्रार केली. ही तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेत नोंदली जाते आणि पैसे ज्या खात्यातून ज्या खात्यात गेले त्या प्रत्येक बँकेला एकामागून एक सूचना जाते. पीडिताच्या खात्यातून ज्या खात्यांत थेट रक्कम जाते त्यांना पहिला थर म्हणतात, तिथून पुढच्यांना दुसरा, आणि असे थर कित्येकदा पाच-सहापर्यंत जातात. भाच्याचे खाते पहिल्या थरात होते. पुढच्या थरांतील माणसांना आपल्या खात्यात आलेले पैसे कुणी विकलेल्या मालाचे आहेत, असे निदान म्हणता तरी येते. पहिल्या थरातल्याला तशी सोय नसते, कारण फसवल्या गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने त्याच्याच नावावर पैसे पाठवलेले असतात, आणि प्रथम खबरी अहवालात सर्वांत आधी तेच नाव येते.

सोमवारी भाच्याच्या मोबाईलवरून चहाचे दहा रुपयेही जाईनात. शाखेत गेल्यावर कळले की दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. विशिष्ट तक्रारीपोटी तेवढी रक्कम अडवून ठेवली तर तिला बँकेत ‘होल्ड’ किंवा ‘लिन’ म्हणतात आणि बाकीचे खाते चालू राहते. येथे होल्डबरोबरच संपूर्ण खात्यावर ‘डेबिट फ्रीझ’ लावला होता, म्हणजे पैसे जमा होतील पण एक रुपयाही बाहेर जाणार नाही. त्याच बँकेतील त्याचे जुने आवर्ती ठेवीचे खातेही ग्राहक क्रमांक एकच असल्याने बंद झाले. शाखा व्यवस्थापकांनी तक्रारीचा पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव कागदावर लिहून दिले आणि सांगितले की फ्रीझ काढणे आता शाखेच्या हातात नाही. ते खरे होते. अशा वेळी बँकेत जाऊन भांडणे व्यर्थ आहे. तो पोचक्रमांक आणि खात्याचा प्रमाणित उतारा एवढे तिथून मिळवायचे असते, आणि ते लगेच मिळवायचे असते.

त्याच संध्याकाळी त्या वरच्या वर्गातील मुलाचा फोन आला. त्याचा सल्ला असा होता की भाच्याने जवळच्या पोलीस ठाण्यात सिमकार्ड आणि एटीएम कार्ड हरवल्याची तक्रार द्यावी, तारीख मागच्या आठवड्याची सांगावी, म्हणजे ‘तुझ्यावर काही येत नाही.’ दाजींना हा मार्ग पटला होता. मुलगा वाचावा एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि घाबरलेल्या प्रत्येक घरात बहुधा असेच होत असेल. मी त्यांना उतारा दाखवून समजावले. सिम कोणत्या हँडसेटमध्ये, कोणत्या तारखेपासून, कोणत्या टॉवरखाली चालू होते हे पोलिसांना दूरसंचार कंपनीकडून मिळते. मोबाईल क्रमांक बदलण्याचा अर्ज शाखेत त्याच्या सहीने पडलेला आहे. हरवलेले कार्ड पिनशिवाय राजस्थानात चाललेच नसते. शिवाय खोटी माहिती पोलिसांना देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि ‘मला माहीत नव्हते’ हा त्याचा एकमेव बचाव त्या एका कागदाने संपला असता. तक्रार दिली नाही, हे या सगळ्या प्रकरणात आमच्याकडून झालेले सर्वांत महत्त्वाचे काम होते असे मला आजही वाटते.

वकील साहेबांनी दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न विचारला तो पैशांबद्दल नव्हता. त्यांनी विचारले, ‘त्या मुलाशी झालेले बोलणे कशावर आहे?’ बोलणे व्हॉट्सॲपवर होते आणि सात दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होतील अशी व्यवस्था त्या मुलाने सुरुवातीलाच करून ठेवली होती. किट देण्याच्या वेळचे संदेश गेलेलेच होते. शेवटच्या आठवड्यातले अजून शिल्लक होते, आणि दर तासाला त्यातले काही कमी होत होते. वकिलांनी दुसऱ्या मोबाईलने पडद्याची छायाचित्रे आणि सलग चित्रफीत घ्यायला लावली, बोलण्याची फाइल काढून घेतली आणि मूळ मोबाईल आहे तसा, काहीही न पुसता, बाजूला ठेवायला सांगितले. न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ उपकरण उपलब्ध असेल तर त्याला वजन येते. नाहीशा झालेल्या संदेशांतील एक गोष्ट मात्र वाचली होती. किट पाठवल्याचा पुरावा म्हणून त्या मुलाने कुरियरच्या पावतीचे छायाचित्र पाठवले होते आणि ते भाच्याच्या मोबाईलमधील गॅलरीत आपोआप साठवले गेले होते. अंगठ्याने अर्धी झाकलेली ती पावती होती, पण पाठवणाऱ्याचा मोबाईल क्रमांक, राजस्थानातील एका शहराचा पिनकोड आणि कुरियरचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. पुढे तपास ज्या धाग्याने वर सरकला तो हाच.

शिल्लक संदेशांत एक संदेश असा होता की त्यावरून वकिलांच्या कार्यालयात बराच वेळ चर्चा झाली. खात्याचा मोबाईल क्रमांक बदलला असला तरी ईमेल भाच्याचाच राहिला होता, आणि शनिवारी प्रत्येक व्यवहाराची सूचना त्याच्या ईमेलवर येत होती. दुपारी सव्वाबाराला त्याने त्या मुलाला लिहिले होते, ‘दादा, साडेनऊ लाख आले, एवढे पैसे कुणाचे आहेत?’ उत्तर आले होते, ‘कंपनीचे आहेत, टेन्शन घेऊ नको, कुणाला बोलू नको.’ त्यानंतर भाच्याने काहीही केले नव्हते, बँकेच्या क्रमांकावर फोनसुद्धा नाही. दाजींचे म्हणणे होते की एवढा एक संदेश काढून टाकावा. वकिलांनी ठाम नकार दिला. त्या संदेशातून दिसते की पैसे कोठून आले हे त्याला ठाऊक नव्हते आणि तो टोळीच्या आतला माणूस नव्हता. त्याच संदेशातून हेही दिसते की सव्वाबारा वाजता त्याच्या मनात शंका आली होती आणि उरलेले ९ लाख त्यानंतर आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खातेदाराच्या खटल्यात सगळा वाद शेवटी या एकाच प्रश्नाभोवती फिरतो की त्याला काय माहीत होते आणि केव्हापासून माहीत होते. त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पुसून टाकलेल्या माणसाच्या उरलेल्या अर्ध्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही, असे वकील म्हणाले, आणि ते मला पूर्ण पटले.

नोटीस आधी व्हॉट्सॲपवर आली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) खालची, म्हणजे तपासासाठी हजर राहायला सांगणारी, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४१-अ सारखी, ती नोटीस होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे की ही नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावता येत नाही. त्या आधारावर गप्प बसण्याचा सल्ला आम्हाला एका परिचिताने दिला. वकिलांनी मात्र आधी संबंधित पोलीस ठाण्याच्या कार्यालयीन दूरध्वनीवर फोन करून नोटीस खरी असल्याची खात्री करून घेतली, कारण याच काळात बनावट नोटिसा पाठवून पैसे उकळणारेही असतात, आणि मग लेखी कळवले की नोटीस रीतसर बजावावी, भाचा तपासात सहकार्य करणार आहे. काही दिवसांनी स्थानिक पोलिसांमार्फत ती हातात मिळाली. त्यात लावलेली कलमे होती भारतीय न्याय संहितेचे ३१८ (४), म्हणजे फसवणूक, ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ३१९ (२), म्हणजे तोतयेगिरी करून फसवणूक. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड, म्हणजे संगणक किंवा मोबाईल वापरून तोतयेगिरीने केलेली फसवणूक. शिक्षा सात वर्षांपर्यंतच असेल अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी अशी नोटीस द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात घालून दिलेले आहे, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची असेल तर अधिकाऱ्याला कारणे नोंदवावी लागतात.

वकिलांना धास्ती होती ती कलम १११ ची, म्हणजे संघटित गुन्हेगारीची. त्यात पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि ते लागले तर नोटिशीचे हे संरक्षण उरत नाही. भाड्याच्या खात्यांच्या गुन्ह्यात ते लागू शकते, कारण एका टोळीमागे अशी खाती शेकड्यांनी सापडतात. आपल्याच राज्यात २०२४ मध्ये मालेगावात नोकरीच्या आमिषाने तरुणांच्या नावावर खाती उघडून त्यांतून १०० कोटींहून अधिक रक्कम फिरवल्याचे उघडकीस आले आणि सक्तवसुली संचालनालयाने मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली तपास हाती घेतला. २०२५ च्या जूनमध्ये सीबीआयने पाच राज्यांत छापे घातले तेव्हा सातशेहून अधिक बँक शाखांत उघडलेल्या सुमारे साडेआठ लाख म्यूल खात्यांचा, म्हणजे फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलेल्या खात्यांचा, तपशील समोर ठेवला. अशा आकड्यांची सवय झालेल्या तपास अधिकाऱ्यासमोर ‘पोरगं लहान आहे हो’ या वाक्याला फारसे मोल नसते, हे दाजींना पचवायला जड गेले.

गुन्हा दुसऱ्या राज्यात दाखल असल्याने तिथे पोहोचेपर्यंतच्या काळासाठी लातूरच्या सत्र न्यायालयात मर्यादित मुदतीच्या अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला. आपल्या हद्दीबाहेर नोंदलेल्या गुन्ह्यातही असे तात्पुरते संरक्षण सत्र न्यायालय देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात मान्य केले आहे. अर्ज मंजूर झाला, मुदत थोडीच होती, आणि त्या मुदतीत गुन्हा जिथे नोंदला होता तिथल्या न्यायालयात नियमित अर्ज करायचा होता. दोन ठिकाणचे दोन वकील, प्रवास आणि राहण्याचा खर्च हा सगळा धरला तर भाच्याला मिळालेले ८ हजार पहिल्या आठवड्यातच कुठल्या कुठे गेले. ठरलेल्या एक टक्क्याप्रमाणे त्याला साडेअठरा हजार मिळायचे होते. त्यांतील एक पैसाही आला नाही.

पोलीस ठाण्यात मला आत बसू दिले नाही, पण सुरुवातीला तपास अधिकाऱ्यांनी टेबलावर पसरलेला कागद मी पाहिला. चार ए-फोर पाने चिकटवून केलेला तो तक्ता होता. डावीकडे एकच चौकट, त्यात पीडिताचे खाते. त्यातून निघालेल्या चार रेघा, प्रत्येक रेघेवर रक्कम आणि वेळ. दुसऱ्या चौकटीत भाच्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, आधारवरचा पत्ता. त्याच्यापुढे उजवीकडे चौकटी वाढत गेल्या होत्या आणि शेवटच्या रांगेत नावेच नव्हती, फक्त आभासी चलनाच्या वॉलेटचे लांबलचक पत्ते होते. त्या मुलाचे, ज्याने किट घेतली, कोठेही नाव नव्हते. मध्यस्थाचे नाव बँकेच्या कागदात येतच नाही. त्याला त्या तक्त्यात आणण्याचे एकच साधन असते, ते म्हणजे खातेदाराकडचा पुरावा.

तक्रार कुणाची होती हे मला प्रथम खबरी अहवालाच्या प्रतीतून कळले. ६७ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेची. शेअर बाजाराच्या एका व्हॉट्सॲप गटात त्यांना घेतले गेले, बनावट ॲपवर नफा वाढताना दाखवला गेला, आणि पैसे काढायला गेल्यावर आधी कर भरा असे सांगण्यात आले. त्यांच्या ४६ लाखांपैकी साडेअठरा लाख माझ्या भाच्याच्या नावावरून गेले. अहवालात त्यांनी लिहून दिले आहे की पैसे भरताना त्यांनी खातेदाराचे नाव वाचले होते आणि ते साध्या मराठी माणसाचे नाव वाटल्याने त्यांना शंका आली नाही. त्या मूळच्या सोलापूरच्या आहेत. हे वाक्य मी ताईला वाचून दाखवले तेव्हा तिने पुढचे ऐकून घेतले नाही. मला मात्र वाटते की भाड्याने दिलेल्या खात्याचा नेमका उपयोग काय झाला हे त्या वाक्याइतके स्पष्ट कुठेच आलेले नाही, आणि म्हणून भाच्याला मी ते संपूर्ण वाचायला लावले.

त्याला विचारलेले प्रश्न त्याने बाहेर आल्यावर सांगितले. मोबाईल क्रमांक का बदलला, नवे सिम कोणत्या दुकानातून घेतले, पिन कुणाला सांगितला, ८ हजार कुणाच्या यूपीआयवरून आले, ईमेल कधी उघडला, आणि उघडल्यावर बँकेला फोन का केला नाही. शेवटच्या प्रश्नावर तो गप्प राहिला होता. बाकी सर्व त्याने जसे घडले तसे सांगितले, मोबाईल पंचनामा करून जमा झाला, कुरियरच्या पावतीचे छायाचित्र आणि संदेश नोंदवले गेले, आणि ८ हजारांची रक्कम गुन्ह्यातील मिळकत म्हणून आम्ही तपास अधिकाऱ्यांकडे जमा केली. हे ८ हजार ज्या यूपीआयवरून आले होते ते त्या मुलाच्या चुलतभावाचे निघाले. पावती आणि यूपीआय या दोन गोष्टींवरून पोलीस त्या मुलापर्यंत पोहोचले आणि त्याच्याकडे आणखी काही किटची नोंद सापडली. राजस्थानातील पत्ता भाड्याच्या खोलीचा होता आणि ती रिकामी झाली होती. त्यापुढे तपास गेलेला नाही.

या दरम्यान मी वसतिगृहात जाऊन भाच्याच्या मजल्यावरील दोघा मुलांशी बोलले, ज्यांच्या किट दिलेल्या होत्या पण खाती अजून चालू होती. अशा स्थितीत अजून करण्यासारखे खूप असते. शाखेत लेखी अर्ज देऊन खात्यातून पैसे जाणे बंद करून घ्यायचे आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा, आधार घेऊन मोबाईल कंपनीच्या दुकानातून त्याच क्रमांकाचे नवे सिम काढायचे, म्हणजे बाहेर गेलेले सिम बंद पडते, उतारा काढायचा, आणि वकिलाच्या मदतीने सायबर पोलिसांना घडले ते खरे खरे लेखी द्यायचे. एकाने दुसऱ्याच दिवशी हे केले. दुसऱ्याला कमिशन बुडण्याची चिंता होती, आणि त्याचे खाते पुढच्या महिन्यात गोठवले गेले.

खात्यात उरलेली तीस हजारांच्या आसपासची रक्कम त्या बाईंना परत मिळावी असा अर्ज त्यांनी तिथल्या न्यायालयात केला तेव्हा आम्ही हरकत नसल्याचे लेखी दिले आणि ती त्यांना मिळाली. खाते मात्र अजून गोठलेले आहे. यात एक अडचण आम्हाला उशिरा कळली. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते आणि भाच्याचे आधारशी जोडलेले खाते हेच होते. डेबिट फ्रीझमध्ये जमा होण्यास आडकाठी नसल्याने शिष्यवृत्तीचा हप्ता त्यात येऊन पडला आणि अडकला. दुसऱ्या एका बँकेने त्याचे खाते उघडायला कारण न सांगता नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी खाते निघाले, आधारची जोडणी तिकडे वळवली आणि पुढचा हप्ता तिथे आला. आधीच्या हप्त्यासाठी न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागला, त्यावर अजून आदेश झालेला नाही.

दोषारोपपत्र दाखल झाले आहे. कलम १११ त्यात लावलेले नाही, हा मोठा दिलासा आहे. किट घेणाऱ्या मुलावर लावलेली कलमे भाच्यावरील कलमांपेक्षा अधिक आहेत. भाच्याला माफीचा साक्षीदार करून घ्यावे असा विचार आम्ही मांडला होता, पण सरकारी पक्षाला त्याची गरज वाटली नाही, कारण पावती आणि संदेश पुराव्यात आधीच आले आहेत. दोषमुक्तीच्या अर्जात वकिलांनी मुख्य भर त्या सव्वाबाराच्या संदेशावर दिला आहे आणि सरकारी वकिलांनीही आपल्या उत्तरात तोच संदेश उद्धृत केला आहे. यंदाच्या पोलीस भरतीचा अर्ज त्याने भरला आहे. निवड झाली तर चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात ‘आपल्याविरुद्ध गुन्हा प्रलंबित आहे काय’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहून गुन्ह्याचा क्रमांक द्यावा लागेल, आणि तो लपवायचा नाही हे त्याने आणि आम्ही ठरवले आहे. दोषमुक्तीच्या अर्जावरील युक्तिवाद पुढच्या तारखेला आहे.